चेहरा कुणाच्या नावावर?

१९८४ साली ‘टॉप सीक्रेट!’ नावाचा एक वात्रट इंग्रजी चित्रपट आला. त्यात पीटर कुशिंग या ज्येष्ठ ब्रिटिश नटाने एका पुस्तकविक्रेत्याचं छोटंसं काम केलं होतं. म्हातारा डोळ्यासमोर भिंग धरून उभा असतो, त्यामुळे डोळा अवाढव्य दिसतो. मग तो भिंग बाजूला करतो आणि डोळा तेवढाच राहतो. एवढाच विनोद. पण तो खोटा डोळा चेहऱ्यावर बसवायचा म्हणून कुशिंगच्या चेहऱ्याचा साचा घ्यावा लागला होता. ११ ऑगस्ट १९९४ रोजी कुशिंग वारला. साचा मागे राहिला, आणि पुढे वीसेक वर्षांनी तो अशा कामी आला, की ज्याची कल्पना साचा काढणाऱ्याने केली नसेल.

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये कुशिंगने टार्किन नावाचा थंड रक्ताचा सेनाधिकारी उभा केला होता. २०१६ च्या ‘रोग वन’ची कथा त्या चित्रपटाच्या थोडी आधी घडते, म्हणून टार्किन पुन्हा हवा होता. गाय हेन्री या साधारण त्याच अंगकाठीच्या नटाने डोक्यावर कॅमेऱ्याचं शिरस्त्राण घालून सगळे प्रवेश केले. नंतर ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’च्या कलावंतांनी त्याच्या चेहऱ्यावर कुशिंगचा चेहरा चढवला. मापं त्या जुन्या साच्यावरून घेतली आणि हावभाव १९७७ च्या रिळांवरून. सगळ्यात जास्त छळलं ते प्रकाशयोजनेने. जुन्या चित्रपटात कुशिंगवर ज्या पद्धतीने दिवे टाकले होते, ते सोडून नव्या चित्रपटाची मंद प्रकाशयोजना वापरली की हाडं, कातडी, सुरकुत्या सगळं बरोबर असूनही माणूस वेगळाच वाटायचा.

पण या लेखाचा विषय ही कारागिरी नाही. बावीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला नव्या संवादांसह पडद्यावर चालवायचं, तर ‘हो’ कुणी म्हणायचं, हा आहे. कुशिंगची पत्नी हेलन १९७१ मध्येच गेली होती आणि त्याला मूलबाळ नव्हतं. त्याची मालमत्ता सांभाळत होती ती जॉइस ब्रॉटन, अनेक वर्षं त्याच्याकडे सचिव म्हणून काम केलेली आणि शेवटी घरच्यासारखी झालेली बाई. चित्रपटवाले तिच्याकडे गेले. तिने होकार दिला आणि चित्रपटाच्या पहिल्या खेळालाही ती हजर होती. कुशिंगच्या एजंटमार्फत मालमत्तेला सुमारे २८ हजार पौंड देण्यात आले. रक्ताचा वारस नसताना अधिक योग्य माणूस कुठला मिळणार? प्रकरण इथे मिटायला हवं होतं.

मग टायबर्न फिल्म प्रॉडक्शन्स ही छोटी ब्रिटिश चित्रसंस्था एक कागद घेऊन पुढे आली. १९९३ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, आजारी कुशिंगने टायबर्नच्या एका दूरचित्रवाणीपटात काम करण्याचं कबूल केलं होतं. चित्रीकरणाच्या मध्येच नट गेला तर काय, ही संस्थेला धास्ती होती. म्हणून करारात असं आलं, की गरज पडल्यास विशेष दृश्य-करामतीने त्याला पडद्यावर उभं करण्याचा अधिकार टायबर्नचा, आणि टायबर्नच्या संमतीशिवाय इतर कुणासाठी असं करू द्यायचं नाही. तो चित्रपट कधी झालाच नाही. कागद मात्र राहिला. ‘रोग वन’ आल्यावर टायबर्नने दावा लावला, आणि प्रतिवादींमध्ये चित्रपट कंपन्यांसोबत कुशिंगच्या मालमत्तेचे व्यवस्थापकही आले. म्हणजे ज्यांनी परवानगी दिली त्यांनाच कोर्टात उभं राहावं लागलं. कंपन्यांचं म्हणणं असं, की मूळ चित्रपटाच्या वेळच्या करारामुळे आम्हाला कुणाच्या परवानगीची गरजच नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हा दावा सुनावणीआधीच फेटाळून लावायला नकार दिला.

मला या खटल्यातल्या हारजितीपेक्षा तो कागद जास्त बोलका वाटतो. इंग्लंडच्या कायद्यात मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कुणाचाच असा स्वतंत्र हक्क नाही. जिवंत माणसालाही तिथे इतर कायद्यांच्या आडून लढावं लागतं. तरीही एका चेहऱ्यावर तीन दावेदार निघाले: जुन्या चित्रपटाचे मालक, मालमत्तेचे व्यवस्थापक आणि कधीही न झालेल्या चित्रपटाचा निर्माता. आणि तिघांचेही आधार निरनिराळे. कुटुंबाची सही म्हणजे परवानगी, असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात ती सही म्हणजे फार तर ‘आमची हरकत नाही’ एवढंच असतं. मृताने हयातीत आधीच काय लिहून दिलंय आणि ज्या साच्यांवरून, रिळांवरून, फोटोंवरून नवा चेहरा घडणार ते कुणाच्या मालकीचं, हे दोन्ही प्रश्न त्या सहीने सुटत नाहीत.

कुटुंबाच्या सहीला कायद्याने खरोखर वजन दिलं ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने. तिथे १९८५ पासून मृत नामवंताचं नाव, आवाज, सही, फोटो आणि चेहरा ही मालमत्ता मानली जाते. ती मृत्युपत्राने देता येते, विकता येते. आधी ही मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षं होती, आता सत्तर आहे. मृत्युपत्रात काही लिहिलं नसेल तर वाटणी कायदाच करतो आणि त्यातलं गणित समजून घेण्यासारखं आहे. समजा, एक नट गेला. मागे पत्नी आणि दोन मुलं. पत्नीला निम्मा वाटा, उरलेल्या निम्म्यात दोन्ही मुलं, म्हणजे प्रत्येकी पाव. परवानगी वैध व्हायला निम्म्याहून जास्त वाटा असलेल्यांच्या सह्या लागतात. ‘निम्म्याहून जास्त’ हे शब्द मोलाचे. एकट्या पत्नीची सही चालत नाही, कारण तिच्याकडे नेमका निम्मा आहे, जास्त नाही. दोन्ही मुलांनी मिळून आईला डावलायचं म्हटलं तरी तेही निम्म्यावरच अडतात. आई आणि एक मूल एकत्र आले की काम होतं, आणि दुसऱ्या मुलाचा कितीही विरोध असला तरी तो परवानगी अडवू शकत नाही.

या शेवटच्या वाक्यात अनेक घरांची भांडणं दडलेली आहेत. नाचाचा बादशहा फ्रेड अ‍ॅस्टेर १९८७ मध्ये गेला. दहा वर्षांनी अमेरिकन टीव्हीवर तो चक्क व्हॅक्यूम क्लीनर हातात घेऊन नाचताना दिसला. पाय त्याचेच, जुन्या चित्रपटातले. यंत्र तेवढं नवं घातलेलं. परवानगी त्याच्या पत्नीची, रॉबिनची होती. त्याच्या मुलीला हे मुळीच रुचलं नाही. गंमत म्हणजे हीच रॉबिन नवऱ्याच्या प्रतिमेबाबत अतिशय कडक म्हणून ओळखली जायची. नाच शिकवणाऱ्या व्हिडिओ कॅसेटमध्ये त्याची जुनी दृश्यं वापरली म्हणून तिने खटला भरला, त्याच सुमारास तो हरली, आणि मग कायदाच बदलावा म्हणून लढली. १९९९ मध्ये मुदत सत्तर वर्षांची झाली ती याच मोहिमेतून. तेव्हा त्या जाहिरातीकडे पाहून ‘पैशासाठी केलं’ एवढाच शेरा मारणं सोपं आहे, पण अपुरं. ती स्वतःला या प्रतिमेची राखणदार समजत होती, आणि काय शोभतं व काय नाही हे ठरवणं राखणदाराच्याच हाती असतं. मुलीची आवड वेगळी होती, पण ठरवण्याचा हक्क तिच्याकडे नव्हता.

मृत माणूस कुठला रहिवासी होता, यावरही सगळं बदलतं. मेरिलिन मन्रो १९६२ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या घरी वारली. कॅलिफोर्नियाचा वारसा-कर चुकावा म्हणून तिच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी त्या वेळी सरकारला सांगितलं, की बाई न्यूयॉर्कच्या रहिवासी. पुढे कॅलिफोर्नियाने मृतांच्या चेहऱ्याला किंमत दिल्यावर तिचे हक्कदार म्हणू लागले, की नाही हो, ती कॅलिफोर्नियाचीच. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना त्यांच्याच जुन्या शब्दांत बांधून टाकलं. न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या कायद्यात मृताला असा हक्क नव्हता. जगातल्या सर्वांत जास्त छापल्या गेलेल्या चेहऱ्यांपैकी एक, आणि वारसांना तो तिथे हक्काने राखता आला नाही. कर वाचवण्याचा तो हिशेब चांगलाच महाग पडला.

चित्रपटांबाबत कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बरीच वर्षं मोठी पळवाट होती. चहाच्या पाकिटावर चेहरा छापायला परवानगी हवी, पण चित्रपट, नाटक, पुस्तक हे कलाकृती म्हणून मोकळे. संगणकाने हुबेहूब नट उभा करता येईल, हे ती सूट देताना कुणाच्या डोक्यात नव्हतं. २०२३ च्या संपानंतर अभिनेत्यांच्या संघटनेने स्टुडिओंशी केलेल्या करारात मृत नटासाठी त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची संमती आवश्यक झाली, आणि असा प्रतिनिधी सापडलाच नाही तर संघटनेची. मग कॅलिफोर्नियाने कायदाही केला. १ जानेवारी २०२५ पासून मृत व्यक्तीची डिजिटल प्रतिकृती चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात विनापरवानगी वापरली, तर किमान दहा हजार डॉलरची भरपाई. बातमी, विडंबन, माहितीपट यांना सूट आहे.

माहितीपटाची ही सूट वाचली की मला २०२१ चा ‘रोडरनर’ आठवतो. अँथनी बोर्डेन हा जग हिंडणारा बल्लव-लेखक २०१८ मध्ये गेला. त्याच्यावरच्या या माहितीपटात काही वाक्यं त्याच्या आवाजात ऐकू येतात, जी त्याने लिहिली होती पण कधी बोलला नव्हता. दिग्दर्शक मॉर्गन नेव्हिलने तो आवाज संगणकाने बनवून घेतला होता आणि प्रेक्षकांना तसं कुठे सांगितलं नव्हतं. वाद उठल्यावर तो म्हणाला, की बोर्डेनच्या विधवेला आणि त्याच्या लिखाणाच्या व्यवस्थापकाला विचारलं होतं. त्यावर बोर्डेनपासून विभक्त झालेल्या पत्नीने, ओताविया बुसिया हिने जाहीरपणे सांगितलं, की अशी मंजुरी देणारी मी नव्हे. कोण खोटं बोललं हे शोधत बसण्यात अर्थ नाही. ‘घरच्यांना विचारलं’ हे वाक्य मुळात फार ढिलं आहे. कुणाला विचारलं, काय दाखवून विचारलं आणि ते कुठे लिहून ठेवलं, यातलं काहीच त्यात नसतं. फोनवर किंवा एखाद्या समारंभात ‘असं काही करतोय’ म्हणून सांगितलेलं, आणि समोरच्याने मान डोलावलेली, ही परवानगी नव्हे.

याच्या उलट उदाहरण ‘स्टार वॉर्स’च्याच घरातलं. कॅरी फिशर डिसेंबर २०१६ मध्ये गेली, अगदी ‘रोग वन’ चित्रपटगृहांत असताना. टार्किनवर टीका चालू होतीच. कंपनीने महिन्याभरात जाहीर केलं, की फिशरला संगणकाने पुन्हा उभं करायचा विचार नाही. २०१९ च्या पुढच्या भागात ती दिसते ती आधीच्या चित्रपटात न वापरलेल्या तुकड्यांतून. तिची मुलगी बिली लुर्ड आणि भाऊ टॉड फिशर यांची संमती होती, आणि मुलगी त्याच चित्रपटात कामही करत होती. संहिता त्या तुकड्यांभोवती लिहावी लागली, त्यामुळे काही प्रवेश थोडे अडखळतात हे खरं. पण तिच्या तोंडचं प्रत्येक वाक्य ती कॅमेऱ्यासमोर स्वतः बोलली होती. घरच्यांनी दोन्ही प्रकारांना ‘हो’ म्हटलं असेल, तरी दोन्ही ‘हो’ एका मापाचे नाहीत.

आणि सगळ्यांत ठाम ‘नाही’ वारसांचं नव्हे, खुद्द गेलेल्याचं असतं. रॉबिन विल्यम्सने आपलं नाव, सही, फोटो आणि चेहरा यांचे हक्क एका धर्मादाय संस्थेकडे जातील अशी व्यवस्था आपल्या ट्रस्टच्या दस्तात केली, आणि मृत्यूनंतर पंचवीस वर्षं जाहिरातीसाठी त्यांचा वापर होऊ नये अशी अट घातली. तो २०१४ मध्ये गेला, म्हणजे ती मुदत २०३९ पर्यंत. या अटीमुळे कुणाला मोह झालाच तर त्याच्या मुलांना भांडावं लागत नाही. कागद दाखवला की विषय संपतो. तरीही त्याच्या मुलीला, झेल्डाला, समाजमाध्यमांवर लोकांना विनवावं लागलं, की माझ्या वडिलांचे संगणकाने बनवलेले व्हिडिओ मला पाठवू नका. मोठ्या कंपनीला कागदाने अडवता येतं, हौशी माणसाला नाही.

आता आपल्याकडे या. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर त्याच्या आयुष्यावर बेतलेला ‘न्याय: द जस्टिस’ हा चित्रपट आला, तेव्हा त्याच्या वडिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. जुलै २०२३ मध्ये न्या. सी. हरी शंकर यांनी स्पष्ट सांगितलं, की खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हक्क हा त्या माणसाबरोबर संपतो. तो वडिलांना वारशाने मिळत नाही. त्याआधी २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही जयललितांच्या भाचीला, दीपा जयकुमार यांना, साधारण हेच सांगितलं होतं. अनिल कपूर, अरिजित सिंग, आशा भोसले यांनी हयातीत कोर्टातून आपला चेहरा आणि आवाज राखून घेतला. पण तोच दावा घेऊन मुलगा किंवा वडील गेले तर दार बंद, अशी आजची स्थिती आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: ही दोन्ही प्रकरणं नट घेऊन काढलेल्या चरित्रकथांची होती. कुणी मृत माणसाचा हुबेहूब चेहरा गुटख्याच्या जाहिरातीत चालवला, तर न्यायालय इतक्याच अलिप्तपणे बघेल असं मला वाटत नाही. पण तो माझा अंदाज आहे, कुटुंबाच्या हातातलं शस्त्र नाही.

शस्त्रं आहेत ती बाजूबाजूची. पहिलं बदनामीचं. मृताविषयी असं काही रचलं, की जे तो जिवंत असता तर त्याच्या अब्रूला धक्का लावणारं ठरलं असतं, आणि हेतू घरच्यांच्या भावना दुखावण्याचा असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार तो गुन्हा होऊ शकतो. दुसरं जास्त उपयोगी आणि बहुतेकांना माहीत नसलेलं: फोटोचा स्वामित्वहक्क. एरवी फोटोचा मालक फोटोग्राफर असतो. पण पैसे मोजून कुणी स्वतःच्या सांगण्यावरून फोटो किंवा चित्रफीत काढून घेतली असेल, आणि उलटा करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की पहिला मालक पैसे देऊन काम सांगणारा. म्हणजे आजोबांनी स्टुडिओत जाऊन काढून घेतलेला फोटो आणि मामाने पैसे भरून करून घेतलेलं लग्नाचं शूटिंग ही घरची मालमत्ता; ती वारसांकडे येते. चेहरा वारशाने मिळत नाही, पण चेहरा ज्यावरून घडवायचा तो फोटो मिळतो. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने काढलेला फोटो मात्र घरचा नाही. कुणी नट, गायक असेल तर त्याच्या ध्वनिमुद्रणांचे मालक आणखी वेगळे.

तिसरं शस्त्र फक्त थोड्या नावांसाठी आहे. १९५० चा एक केंद्रीय कायदा बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखतो. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. त्यांचा व्यापारासाठी वापर करायला केंद्र सरकारची परवानगी लागते, घराण्याची नाही. कॅलेंडरांना सूट आहे, पण त्यावर छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव एवढंच असावं आणि मालाची जाहिरात नसावी. दुकानांनी वाटलेल्या किती कॅलेंडरांना ही अट पाळता आली असेल, ते वाचकांनी घरच्या भिंतींवर पाहून ठरवावं.

बाकी महाराष्ट्रात प्रश्न कायद्याच्या आधी हक्क सांगण्याचा होतो. एप्रिल २०२५ मध्ये नाशिकला उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या शिबिरात बाळासाहेब ठाकरे यांच्या, संगणकाने बनवलेल्या आवाजातलं भाषण ऐकवलं गेलं. बाळासाहेब २०१२ मध्ये गेले. त्यामुळे २०२५ मधल्या घडामोडींवरची वाक्यं त्यांची असणं शक्यच नव्हतं. विरोधकांनी टीका केली, समर्थकांनी टाळ्या दिल्या. मुलाच्या पक्षाने केलं म्हणजे घरची परवानगी आपोआप आली, असं म्हणता येईल. पण ज्या नेत्याचा वारसा दोन पक्ष सांगतात, त्याने आज कुणाची बाजू घेतली असती, हेच तर वादाचं मूळ. आणि बनवलेला आवाज त्याच प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. मुलाचा होकार आवाजापुरता पोचतो. मतापर्यंत तो पोचतो का, याविषयी मला शंका आहे. हे पक्ष कुठलाही असला तरी लागू आहे.

नीट केलेलं उदाहरण संगीतातलं. २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यात ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले. घरच्यांची परवानगी घेतली, मानधन दिलं आणि हे सगळं आपणहून जाहीर केलं. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज एका तेलुगू चित्रपटात न विचारता बनवला गेला, म्हणून त्यांच्या मुलाने, चरण यांनी निर्मात्यांना नोटीस पाठवली. वारशाचा हक्क कोर्टात कच्चा असला, तरी व्यवसायात चार लोकांत तोंड दाखवायचं असतं, आणि तो दबाव काही वेळा कायद्याच्या आधी काम करतो.

आता घरगुती प्रकार. लग्नाच्या अल्बममध्ये गेलेल्या आजोबांना खुर्चीवर बसवून देणं हे गावोगावचे स्टुडिओ कित्येक वर्षं करत आलेत, आणि पत्रिकेत ‘कै.’ लावून त्यांचे आशीर्वाद आपण त्याही आधीपासून छापतो. त्याला कुणी परवानगी मागितली नाही, मागायची गरजही मला वाटत नाही. फरक पडतो तो आजोबा बोलू लागले की. मांडवातल्या पडद्यावर वडील नव्या सुनेला नावाने हाक मारून आशीर्वाद देतात असा व्हिडिओ आता सहज बनतो. तो बघून आई धाय मोकलून रडेल की सुखावेल, हे तिला आधी दाखवल्याशिवाय कळत नाही. म्हणून ‘सरप्राइज’ हा शब्द या कामात सगळ्यांत वाईट. जिचा नवरा होता तिने संहिता वाचावी, तयार व्हिडिओ बंद खोलीत आधी बघावा आणि ‘नको’ म्हणायला तिला लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मुभा असावी. हे लेखी नसलं तरी चालेल, पण एखाद्या भावाला अंधारात ठेवून केलं, तर पुढची काही वर्षं त्याचे टोमणे ऐकण्याची तयारी ठेवावी.

काम बाहेरच्याला द्यायचं असेल, मग तो स्टुडिओ असो, जाहिरातवाला असो किंवा माहितीपट करणारा, तर मात्र कागद हवा. एका वेळच्या एका कामापुरता, म्हणजे कुठला व्हिडिओ, किती मिनिटांचा, कुठे आणि कधीपर्यंत दाखवणार, हे नावनिशीवार. कच्चा माल म्हणून कुठले फोटो, कुठल्या ध्वनिफिती दिल्या त्याची यादी. तोंडी काय घालणार त्याची संहिता सोबत जोडलेली, आणि शेवटची प्रत मंजूर करण्याचा अधिकार ज्याचा त्याचं नाव. सही करणाऱ्याने हेही लिहून द्यायचं असतं, की माझ्या माहितीप्रमाणे मृताने याआधी असा हक्क कुणाला दिलेला नाही. तेव्हा सही करण्याआधी जुन्या फायली, एजंट, प्रकाशक, निर्माते यांच्याकडे चौकशी करावी. कुशिंगच्या व्यवस्थापकांना कोर्टात उभं राहावं लागलं ते अशाच एका जुन्या करारापायी.

‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व तंत्रांनी’ अशी ओळ दिसली की तिथेच पेन खाली ठेवावं. ही ओळ मसुद्यात जवळजवळ सवयीने येते आणि सांगितलं तर बहुतेक वेळा निघतेही. तिच्यापेक्षा कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट म्हणजे प्रतिकृतीचं पुढे काय. व्हिडिओ बनवताना त्या चेहऱ्याचं आणि आवाजाचं एक डिजिटल रूप तयार होतं. व्हिडिओ दिला तरी ते बनवणाऱ्याच्या संगणकात राहतं, आणि त्यातून दुसरं काहीही बोलवता येतं. काम संपल्यावर ते पुसावं, दुसऱ्या कामाला वापरू नये, दुसऱ्याला देऊ नये, हे स्वतंत्र कलम असावं. मूळ फोटो मागवता येतात. हे रूप मागायचं लोक विसरतात.

आणि ज्याला हयातीतच आपली व्यवस्था लावायची आहे, त्याने ‘माझा चेहरा वापरू नये’ एवढंच मृत्युपत्रात लिहून थांबू नये. चेहरा वारशाने जात नाही म्हणणाऱ्या कोर्टापुढे ते वाक्य हवेत राहील. त्याऐवजी हात लावता येईल अशा गोष्टींवर लिहावं: घरचे फोटो, ध्वनिफिती, चित्रफिती, मोबाइल आणि हार्ड डिस्कवरचा मजकूर कुणाला द्यायचा, आणि त्यावरून माझी बोलती प्रतिकृती बनवायची की नाही, बनवायची तर कुणी हो म्हटल्यावर. दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं असलं की मृत्युपत्र वैध होतं, नोंदणी सक्तीची नाही. गायक, नट, वक्ते यांनी मात्र याच्याही आधी एक काम करावं. कुणाबरोबर कुठल्या करारावर कधी सही केली, त्याच्या प्रती एका फाईलमध्ये लावून फाईल घरच्यांना दाखवून ठेवावी, कधीच न झालेल्या कार्यक्रमांच्या करारांसकट.